पत्ता साहेबांचा, बॅग माझी

विमान कंपनीच्या छापील फॉर्मवर मी एकदा दुसऱ्याच्या घराचा पत्ता माझा म्हणून लिहून दिला. कुणी फसवलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती, चष्माही तेव्हा लागायचा होता. चांगली शुद्धीवर होते. खालच्या कार्बन कॉपीवर नीट उमटावं म्हणून पेन दाबून लिहिलं आणि वर वळणदार सही ठोकली. त्या सहीचा मला फार अभिमान होता. सहीसारखी अक्कलही वळणदार असती तर पुढचे तीन दिवस वाचले असते.

नातवंडं हसतात. त्यांची बॅग कुठल्या गावात आहे ते त्यांना हातातल्या फोनवर दिसतं. माझ्या बॅगेला मात्र मी सांगेन तेवढंच कळणार होतं, आणि मी तिला चुकीचं सांगितलं.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. यांच्या केंद्र सरकारी नोकरीची बदली नागपूरहून चंदीगडला झाली, त्याला दीड वर्ष झालेलं. सेक्टर बावीसमध्ये वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली घरमालकीण, तिला सगळी गल्ली बीजी म्हणायची, म्हणून मीही. मी बी.एस्सी. बी.एड. आणि त्याची घमेंड वेगळी. दीड वर्ष पोळ्या लाटून कंटाळले होते. त्यात माहेरी नागपूरला गेले असताना यांची तार आली: शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी सोमवारी सकाळी दहाला मुलाखत, मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहा. मूळ म्हणजे मूळ, नकला चालणार नाहीत. आगगाडीने पोचणं कठीण होतं, म्हणून भावाने विमानाचं तिकीट काढून दिलं. नागपूर ते दिल्ली एक विमान, दिल्ली ते चंदीगड दुसरं. पहिलाच विमानप्रवास. आईने दोनदा दृष्ट काढली, माझी एकदा आणि बॅगेची एकदा.

प्रमाणपत्रं मी कुठे ठेवली होती ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. चुरगळू नयेत म्हणून त्यांची गुंडाळी करून आईने दिलेल्या नव्या प्रेशर कुकरमध्ये घातली, झाकण लावलं, कुकर लुगड्यांत गुंडाळला आणि बॅग सामानात दिली. हातात काय ठेवलं? पर्स, आणि तिच्यात पावडरचा डबा.

नागपूरचं विमान उशिरा निघालं. दिल्लीला मी धावत दुसऱ्या विमानात चढले. बॅगेला काही धावता आलं नाही. शुक्रवारी दुपारी चंदीगडच्या विमानतळावर सगळ्यांच्या पेट्या आल्या, गेल्या. मी तिथेच उभी.

काउंटरवरचा माणूस टाय लावलेला, इस्त्रीचा, थकलेला. त्याने माझ्या तिकिटाला टाचलेला टॅगचा तुकडा पाहिला, त्यावरचा नंबर उतरवून घेतला, बॅगेचा रंग, आकार, कुलूप, आत काय काय, सगळं विचारलं. मी "कपडे, कागद, भांडं" असं सांगितलं. भांडं म्हणजे कुकर हे सांगावंसं वाटलं नाही. दिल्लीला टेलेक्स करतो म्हणाला. बॅग बहुधा उद्याच्या विमानाने येईल, आमची गाडी घरी पोचवेल. "मॅडम, पता और फोन नंबर बिलकुल सही लिखिए। गाडी वहीं जाएगी, और बैग आप ही को मिलेगा, किसी और को नहीं।"

इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मला आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला. आणि त्याचंच मी ऐकलं नाही.

कारण फोन. आमच्याकडे फोन नव्हता. कुणाकडे असायचा तेव्हा? बीजीकडे होता. बैठकीत लाकडी पेटीत, वर क्रोशाचा रुमाल, पेटीला कुलूप. माहेरी निघण्याआधीच्या आठवड्यात आईचा ट्रंक कॉल आला होता. बीजीने मला वरून बोलावलं नाही. "इत्थे कोई नहीं" म्हणून फोन ठेवून दिला. मग जिन्यात आमची जुंपली. मी म्हणाले, "मैं घर में थी!" ती म्हणाली, "मैंने डाकखाना नहीं खोला।" तिने गच्चीवर सुकत घातलेल्या माझ्या पापडांचा उद्धार केला, मी तिच्या नातवाच्या सायकलचा. शेवटी मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा हिंदीत जाहीर केलं की आपके फोन को मैं जिंदगी में हाथ नहीं लगाऊँगी. तेव्हाची मी शब्दाची पक्की होते. निर्बुद्ध, पण पक्की.

तर बीजीचा नंबर मी लिहिणार नव्हते. मग पत्ता आठवला यांच्या साहेबांचा.

बदलीवर फिरणाऱ्या आम्हा लोकांची एक रीत होती. नव्या गावात घर मिळेपर्यंत टपाल साहेबांच्या पत्त्यावर मागवायचं: आपलं नाव, खाली 'द्वारा', मग साहेबांचं नाव आणि बंगला. चंदीगडला आलो तेव्हा पहिले चार महिने माझी सगळी पत्रं अशीच सेक्टर अकरातल्या बंगल्यावर आली होती. साहेब पुण्याचे, त्यांची बायको इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाची पुढारीण. बंगल्याला फाटक, फाटकाला बोगनवेल, आत फोन. नंबर मला पाठ होता. शिवाय त्या टायवाल्यासमोर 'बावीस सेक्टर, वरचा मजला, बस स्टँडजवळ' असं लिहायला पेन उचलेना. विमानातून उतरलेली बाई होते ना मी!

म्हणून सेक्टर अकरा लिहिलं. बंगल्याचा नंबर, फोन नंबर. आणि 'द्वारा' लिहिलं नाही. 'द्वारा' लिहिलं असतं तर घर माझं नाही हे टायवाल्याला कळलं असतं.

"पता पक्का?" त्याने विचारलं.

"पक्का," मी म्हणाले.

त्याने वरची प्रत ठेवून घेतली, खालची मला दिली. "इसे सँभालिए। बैग लेते वक्त दिखाना पडेगा।"

मनातला बेत असा: घरी जाता जाता अकरामध्ये उतरून साहेबांच्या बाईंना सांगायचं. पण त्या संध्याकाळी बंगल्याला कुलूप, कसौलीला गेलेले. माळी म्हणाला, कल दोपहर आएँगे. मी म्हटलं, उद्या सांगू. यांना मात्र काहीच सांगितलं नाही. बॅग उद्या घरी येणार आहे, एवढंच. कुणाच्या घरी, ते नाही.

शनिवारी सकाळी डोकं धुवून, साडी नेसून मी सेक्टर अकराकडे निघणार तोच यांचे एक सहकारी सहकुटुंब टपकले. पोहे झाले, चहा झाला, जेवणं झाली, सुट्टीच्या दिवसाच्या लांबलेल्या गप्पा झाल्या. मी घड्याळाकडे बघत होते. ते उठले आणि मी निघाले तेव्हा पाच वाजले होते.

बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर. मला बघून उठल्या नाहीत.

"ये. स्वतःच्या घरी यायला इतका उशीर?"

"वहिनी, ती माझी बॅग..."

"आली होती ना. आम्ही कसौलीहून येऊन दार उघडतोय तोच फोन. विमान कंपनीचा. तुझं नाव घेऊन विचारतात, मॅडम घर पर हैं? मी म्हटलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. खोटं बोलले का मी?"

"नाही, पण मी कळवणारच होते..."

"मग तासाभराने गाडी. ड्रायव्हर कागद दाखवतो, पत्ता हाच, नंबर हाच. आमचं नाव कुठे दिसेना. मी म्हटलं, हे आमचं घर, ही बाई इथे राहत नाही, मी सही करणार नाही. उद्या त्यात काय निघालं म्हणजे साहेबांना कोर्टात उभं करायचं?" त्या थांबल्या. गोड हसल्या. "तू राहायला कधी आलीस गं इथे? निदान खोली कुठली घेतलीस ते तरी सांगायचंस."

"वहिनी, त्यात माझी सर्टिफिकेटं आहेत. सोमवारी मुलाखत आहे. विमानतळावर एक फोन करू द्याल?"

"आता साहेबांचा ट्रंक लागायचाय. लाइन मोकळी ठेवायला सांगितलंय त्यांनी."

मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मराठी घरात, परमुलखात, पाणी नाही! फाटकाबाहेर आले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. मला वाटलं, विरघळल्या. म्हणाल्या, "आणि टपालाची सवयही आता मोड हं."

घरी यांना सगळं सांगावंच लागलं. यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हे रागावले की घड्या घालायचे. फार रागावले की घडीची घडी.

"सोमवारी मला त्याच साहेबांसमोर उभं राहायचंय," हे म्हणाले.

"मलाही सोमवारी कुणासमोर तरी उभं राहायचंय."

"कशाच्या जोरावर?"

माझ्याकडे एक टॅगचा तुकडा, एक कार्बन कॉपी आणि पावडरचा डबा एवढंच होतं.

रविवारी सकाळी हे म्हणाले, जाऊन उभे राहू विमानतळावर. पण विमानतळ हवाई दलाच्या आवारात. फाटकावर चौकशी, आणि दुपारच्या विमानाची वेळ सोडली तर आत काउंटरवर कुणी भेटेलच असं नाही. आधी फोन करणं बरं. यांच्या कार्यालयाला सुट्टी. बाजारातल्या दुकानांपैकी फोनवालं दुकान बंद. हे माझ्याकडे बघत राहिले, मी जिन्याकडे.

बीजी अंगणात खाटेवर बसून मटार सोलत होती. मी शेवटच्या पायरीवर उभी. तिने वर पाहिलं नाही.

"बीजी, एक फोन करना था।"

मटाराची एक शेंग, दुसरी शेंग, तिसरी.

"किसका फोन?"

"आपका।"

"मेरे फोन को तो तूने हाथ नहीं लगाना था। सारी गली ने सुना है। शर्माजी की बहरी माँ ने भी सुना है।"

"गलती हो गई।"

"किसकी?"

"मेरी।"

"जोर से बोल। उस दिन तो बडी आवाज थी।"

मी जोरात बोलले. शेजारची खिडकी उघडली. बीजीने ताटली बाजूला ठेवली, हात पुसले, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि आत गेली. इतका वेळ लावून कुलूप उघडलं की बँकेची तिजोरीही त्याआधी उघडली असती.

फोन तिसऱ्या खेपेला लागला. टायवालाच होता, आवाजाला इस्त्री तीच. बॅग आहे, म्हणाला. काल दिलेल्या पत्त्यावर गाडी गेली, घरच्यांनी प्रवासी इथे राहत नाही म्हणून सांगितलं, बॅग परत आणली. आता कार्बन कॉपी आणि टॅग घेऊन स्वतः या, किंवा... 'किंवा'च्या पुढचं मी ऐकायच्या आत मागे उभ्या बीजीने रिसीव्हर ओढून घेतला.

"या फिर क्या? लडकी की नौकरी का सवाल है! तुम्हारा जहाज उसका बैग भूल गया और वो तुम्हारे पीछे भागे?" पुढचं पंजाबीत, आणि पंजाबीत ती काय म्हणाली ते मला पूर्ण कळलं नाही हे बरं झालं. पण पलीकडचा माणूस मुरलेला होता. तो शांतपणे म्हणाला असावा, पत्ता बदलायचा तर प्रवाशानेच सांगायला हवा, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही. बीजीने रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि स्वतःचा कान मागून चिकटवला.

त्याने नाव विचारलं, कॉपीवरचा रिपोर्ट नंबर विचारला, टॅग नंबर विचारला. मी वाचून दाखवलं. मग म्हणाला, "बैग में कोई एक चीज बताइए जिससे पहचान हो। रिपोर्ट में लिखा है भांडा। कौन सा भांडा?"

"प्रेशर कुकर."

"उसमें कुछ है?"

मागे बीजीचा श्वास. मी डोळे मिटले. "मेरी डिग्रियाँ।"

बीजी मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "डिग्री कुकर में! कितनी सीटी दी?"

"नया पता बोलिए," टायवाला म्हणाला, आणि मला कळलं की मला माझा पत्ता सांगता येत नाही. सेक्टर बावीस, घर नंबर, एवढं सांगितलं. बीजीने मानेने 'नाही, नाही' केलं आणि एकेक गोष्ट पुरवायला लागली. मी पोपटासारखी फोनमध्ये बोलत गेले. बावीस-बी, नुसतं बावीस नाही, कारण तोच आकडा शोधत माणूस भलत्या बाजूला जातो. पिठाच्या गिरणीच्या मागची रांग. हिरवं फाटक. पाटीवर नाव मकान मालकिणीचं, तेही लिहून घ्या. आम्ही वरच्या मजल्यावर. वरची घंटी बंद आहे, खालची वाजवा. फोन नंबर हा, निघण्यापूर्वी करा. बॅग घ्यायला मी स्वतः असेन, दिवसभर घरीच.

"पढके सुनाओ, उससे बोल," बीजी म्हणाली. त्याने वाचून दाखवलं. एक आकडा उलटा होता. मी दुरुस्त केला.

दुपारच्या विमानाचे प्रवासी गेल्यावर फोन आला. बीजीने उचलला, ऐकलं आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडली, "नी मराठन! निकल पडी तेरी डिग्री!" अर्ध्या तासाने गाडी. ड्रायव्हर सरदारजी, वयस्क, कालचाच. मला न्याहाळून म्हणाला, "आप ही वो मैडम हैं जो उस कोठी में नहीं रहतीं?"

बीजीने फाटकातच त्याला अडवलं. "ठहरो। पहले खोल के देखेगी, फिर सही करेगी।" कुलूप शाबूत होतं. मी अंगणात बॅग उघडली, लुगडी बाजूला केली, कुकरचं झाकण फिरवलं. झाकण अडलं. मी ओढलं, यांनी ओढलं. शेवटी सरदारजीने गुडघ्यात धरून उघडलं. आत माझी गुंडाळी. थोडी बाकदार झाली होती, बाकी कोरडी, सुरकुतीशिवाय. मी कॉपी दाखवली, बॅग पोचल्याची सही केली. या खेपेला सही साधी आली.

सोमवारी मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी प्रमाणपत्रं टेबलावर ठेवली की त्यांची आपोआप गुंडाळी व्हायची. त्यांनी एका बाजूला दौत ठेवली, दुसऱ्या बाजूला पेपरवेट. विचारलं, अशी का? मी म्हटलं, प्रवासात झाली. शाळेच्या फॉर्मवर पत्त्याचा रकाना होता. तिथे मी बावीस-बी, गिरणीमागची रांग, हिरवं फाटक, वरचा मजला, सगळं लिहिलं. 'द्वारा' लिहून बीजीचं नाव लिहिलं. फोन तिचा. जागा पुरली नाही, समासात लिहिलं.

यातून आमची मैत्री झाली असं कुणी समजू नये. मंगळवारी तिने माझे पापड गच्चीवरून खाली आणून ठेवले, भिंतीला टेकवून, कावळ्यांच्या सोयीने. मी तिच्या नातवाच्या सायकलची हवा काढली नाही, पण बघत उभी राहिले बराच वेळ. साहेबांच्या बायकोने पुढच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही, आणि यांची घडी आठवडाभर उलगडली नाही.

बुधवारी दुपारी खालून हाक आली. हाक कसली, आरोळी. मी पिठाच्या हातांनी धावत उतरले. बीजी फोनजवळ उभी होती. रिसीव्हर छातीशी धरलेला, बोलायच्या बाजूवर तळहात दाबलेला. शाळेतून होता, तिने आधीच विचारून घेतलं होतं. मी हात पुढे केला. तिने रिसीव्हर दिला नाही. आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली:

"नौकरी मिल गई है तेरी, वो तो मैंने पूछ लिया। पर पहले मेरी सुन। आगे से पता वहीं का लिखना जहाँ तेरी लडाई होती है। जो तुझसे रोज लडती है, उसी को पता होता है कि तू रहती कहाँ है।"